उदबत्तीही लावतात, अत्तरही लावतात

मराठीत 'लावणे' हे क्रियापद फार कामाचे आहे. कुंकू लावतात, दिवा लावतात, झाड लावतात, दार लावतात, मुलाला शिस्तही लावतात. 'लाव' एवढाच शब्द कुणी उच्चारला तर ऐकणाऱ्याला काहीच कळणार नाही. शेजारचा शब्द आला की अर्थ एका क्षणात ठरतो. अत्तर लावायचे म्हणजे मनगटावर, उदबत्ती लावायची म्हणजे काडी ओढून पेटवायची. एकच क्रियापद, पण एकात वस्तू अंगाला लागते आणि दुसऱ्यात ती जळून हवेत विरते.

नेमक्या याच फरकावरून एक वाद भारताच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 'प्रदीप अगरबत्ती, लुधियाना विरुद्ध पंजाब राज्य' हे त्या प्रकरणाचे नाव, आणि निकाल 1997 सालचा. पंजाबच्या 1948 च्या विक्रीकर कायद्याला एक परिशिष्ट होते. त्यातल्या सोळाव्या नोंदीचा मराठीत अर्थ साधारण असा होतो : सौंदर्यप्रसाधने, सुगंधी द्रव्ये आणि प्रसाधनाच्या वस्तू, मात्र टूथपेस्ट, दंतमंजन, कुंकू आणि साबण वगळून. धूप आणि अगरबत्ती या नोंदीत बसतात की नाही, एवढाच प्रश्न होता. बसल्या तर त्या नोंदीचा कर लागणार होता, नाही बसल्या तर नव्हता.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना शब्दांच्या याद्या कशा वाचायच्या हे शिकवताना दोन लॅटिन सूत्रे सांगतात. एकाचे नाव 'एजुस्डेम जेनेरिस', म्हणजे 'त्याच प्रकारचे'. दुसऱ्याचे 'नॉसिटर ए सोसिइस', म्हणजे 'सोबत्यांवरून ओळख पटते'. परीक्षेत या दोघांवर हमखास प्रश्न येतो आणि तो बहुतेक वेळा चार पर्यायांचा असतो. अगरबत्तीचे हे प्रकरण तशा प्रश्नात घातले, तर तो असा दिसेल.

वरील नोंदीत अगरबत्ती येते का?

(अ) येते, कारण सुवास देणारी कोणतीही वस्तू सुगंधी द्रव्यच असते.
(ब) येत नाही, कारण 'एजुस्डेम जेनेरिस' हे सूत्र लागू होते.
(क) येत नाही, कारण 'नॉसिटर ए सोसिइस' हे सूत्र लागू होते.
(ड) येत नाही, कारण कुंकू पूजेची वस्तू म्हणून वगळले आहे, तशीच अगरबत्तीही पूजेची वस्तू आहे.

चारांपैकी तीन पर्याय एकाच उत्तरावर येतात : अगरबत्ती नोंदीत येत नाही. तरीही बरोबर पर्याय एकच आहे. न्यायालयात 'काय ठरले' याच्याइतकेच 'कशामुळे ठरले' याला वजन असते, कारण पुढच्या खटल्यात उपयोगी पडते ते कारण. म्हणून हे चारही पर्याय एकेक करून हाताळून पाहण्यासारखे आहेत.

पहिला पर्याय वाटतो तितका कच्चा नाही. मूळ कायदा इंग्रजीत आहे आणि त्यातला शब्द आहे 'परफ्यूमरी'. त्याच्या मुळाशी असलेला 'परफ्यूम' हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला, आणि त्याचा मूळ अर्थ आहे 'धुरातून'. म्हणजे बाटलीतल्या अत्तराच्या आधी हा शब्द जाळलेल्या सुगंधी पदार्थांच्या धुरासाठीच होता. शब्दाच्या कुळाकडे पाहिले तर अगरबत्तीचा त्याच्यावर अत्तरापेक्षा जुना हक्क निघतो. विक्रीकर अधिकाऱ्याने शब्दकोश उघडून ठेवला असता तर त्याला चूक म्हणणे अवघड गेले असते.

पण कायद्यात तो शब्द एकटा नव्हता. त्याच्या एका बाजूला सौंदर्यप्रसाधने होती, दुसऱ्या बाजूला प्रसाधनाच्या वस्तू, म्हणजे न्हाणीघरात आणि आरशासमोर लागणारे सामान. सर्वोच्च न्यायालयाने नेमके इथे बोट ठेवले. कराच्या परिशिष्टांत काही वस्तू एकेकट्या लिहिलेल्या असतात, काही गटाने. गटाने लिहिल्या की प्रत्येक शब्द शेजारच्या शब्दांचा रंग घेतो. पावडर, लाली, क्रीम, केसांचे तेल या सगळ्या गोष्टी माणसाच्या अंगावर वापरायच्या असतात. त्यांच्या पंगतीत बसलेली 'सुगंधी द्रव्ये'ही मग अंगावर वापरायचीच असणार. अत्तर त्यात येते. अगरबत्ती कुणी अंगाला लावत नाही, म्हणून ती बाहेर राहते.

बरोबर पर्याय (क) आहे.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. शेजारचे शब्द पाहून एखादा गट ठरवला, तरी तो किती रुंद धरायचा हा प्रश्न उरतोच. 'सुवास असलेल्या वस्तू' असाही गट कल्पिता येईल, 'घरात रोज लागणाऱ्या वस्तू' असाही. मग 'अंगावर वापरायच्या वस्तू' हाच गट का? त्याचे उत्तर नोंदीच्या शेपटाकडे आहे, वगळलेल्या वस्तूंत. टूथपेस्ट, दंतमंजन, कुंकू, साबण. एखादी गोष्ट मुद्दाम वगळावी लागते याचा अर्थ, वगळली नसती तर ती आत आली असती. या चारही वस्तू अंगाशी येणाऱ्या आहेत : दोन दातांना, एक कपाळाला, एक सर्वांगाला. नोंद लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणते कपाट होते ते यावरून दिसते. ते आरशाजवळचे कपाट होते, देवघरातले नव्हते.

यावरून (ड) पर्याय का फसवा आहे तेही उलगडते. कुंकू पाहिल्यावर मराठी वाचकाला हळदीकुंकू आठवते, पूजेचे तबक आठवते, आणि कुंकवाला सूट आहे तर उदबत्तीलाही असेल असे मन पटकन म्हणते. पण सोबत्यांवरून अर्थ लावायचा हा नियम वगळलेल्या वस्तूंनाही तितकाच लागू आहे. कुंकवाच्या सोबतीला टूथपेस्ट, मंजन आणि साबण बसले आहेत. त्यांच्यात पूजेचे काही नाही. ते गरीब-श्रीमंत सगळ्यांच्या घरी रोज लागणारे सामान आहे, आणि त्यांच्या शेजारचे कुंकूही रोज कपाळाला लावायचे कुंकू म्हणूनच वाचले पाहिजे. शिवाय सूट ज्या वस्तूंना नावाने दिलेली असते, त्यांच्याच पुरती ती असते. न्यायालय आपल्या मनाने त्यात पाचवी वस्तू भरत नाही. अगरबत्ती या नोंदीतून बाहेर राहिली ती सवलत मिळाल्यामुळे नव्हे. ती मुळात आत आलेलीच नव्हती.

राहिला (ब), आणि जास्तीत जास्त विद्यार्थी चुकतात तो इथे. दोन्ही सूत्रे शेजारच्या शब्दांकडे पाहायला सांगतात, मग फरक काय?

मराठीत एक म्हण आहे : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. दोन्ही सूत्रांमधला फरक समजून घ्यायला याहून चांगला आधार मिळणार नाही. शेजारच्या शब्दामुळे एखाद्या शब्दाला गुण लागतो, म्हणजे त्याचा अर्थ थोडा आखडतो किंवा एका बाजूला झुकतो, ते 'नॉसिटर ए सोसिइस'. 'एजुस्डेम जेनेरिस' मात्र वाणाची चौकशी करते. आधी चार नेमक्या वस्तूंची नावे येतात, ती सगळी एका वाणाची असतात, आणि शेवटी 'व इतर' असा मोकळा शब्द येतो. त्या मोकळ्या शब्दात त्याच वाणाच्या वस्तूंना प्रवेश मिळतो, दुसऱ्या वाणाच्या वस्तूला नाही.

घरातले उदाहरण सोपे आहे. बाजारात निघालेल्या मुलाला आई सांगते, 'कांदे, बटाटे, लसूण वगैरे घेऊन ये.' मुलगा आले आणि मिरच्या घेऊन आला तर त्याने आईचे ऐकले असे होईल. तो क्रिकेटची बॅट घेऊन आला आणि 'वगैरे'त बसते म्हणाला, तर घरात त्याचे कुणी ऐकून घेणार नाही. 'वगैरे' या शब्दाला स्वतःची हद्द नसते, ती आधीच्या नावांनी आखून दिलेली असते.

पंजाबच्या नोंदीत 'वगैरे' नाही, 'व इतर' नाही. तीन नेमके शब्द आहेत आणि मग वगळलेल्या वस्तू. ज्या सूत्राचे काम शेवटच्या मोकळ्या शब्दाला वेसण घालणे आहे, त्याला इथे वेसण घालायला शब्दच नाही. म्हणून (ब) चूक. तसे पाहिले तर 'एजुस्डेम जेनेरिस' हा 'नॉसिटर'चाच एक खास प्रकार मानला जातो. तो विशिष्ट मांडणीतच वापरता येतो. ती मांडणी नसेल तर मागे उरते मोठे, सैल सूत्र, सोबत्यांचे.

ती मांडणी कोणती हे सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये त्रिपुरातल्या एका अबकारी प्रकरणात, अमरचंद्र चक्रवर्ती यांच्या खटल्यात, पाच अटींत सांगितले. कायद्यात नेमक्या शब्दांची यादी हवी. त्या शब्दांचा मिळून एक वर्ग व्हायला हवा. यादीने तो वर्ग संपता कामा नये. यादीनंतर मोकळा शब्द यायला हवा. आणि कायदेमंडळाचा इरादा वेगळा होता असे कुठे दिसता कामा नये.

यातली तिसरी अट सहसा घाईत वाचली जाते. एखाद्या नियमात 'आई, वडील व इतर व्यक्ती' असे म्हटले आहे असे धरू. जन्मदाते हा वर्ग आई आणि वडील या दोन शब्दांतच संपला. 'इतर व्यक्ती' याचा अर्थ 'जन्मदात्यांच्याच वर्गातल्या इतर' असा केला, तर त्या शब्दांना अर्थच उरत नाही, आणि कायद्यात शब्द फुकट लिहिलेला असतो असे न्यायालय सहसा मानत नाही. तेव्हा इथे सूत्र बाजूला ठेवून 'इतर व्यक्ती' मोकळेपणानेच वाचावे लागतात. दुसऱ्या अटीचेही तसेच. 'पुस्तके, बैल, विहिरीचे पाणी व इतर वस्तू' अशा यादीतून कोणताही वर्ग उभा राहत नाही, आणि ओढूनताणून उभा केला तर तो वाचणाऱ्याचा असतो, लिहिणाऱ्याचा नव्हे.

पाचही अटी जिथे जुळल्या, असे एक प्रकरण इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगावच्या माणसाला लगेच कळेल, कारण ते कापडाचे आहे. 'सिद्धेश्वरी कॉटन मिल्स विरुद्ध भारत सरकार', निकाल 1989 चा. केंद्रीय अबकारी कायद्यात सुती कापडावरच्या प्रक्रियांची यादी होती : ब्लीचिंग, मर्सरायझिंग, डाइंग, छपाई, वॉटरप्रूफिंग, रबरायझिंग, श्रिंकप्रूफिंग, ऑर्गंडी प्रक्रिया, 'किंवा इतर कोणतीही प्रक्रिया'. यांपैकी काही केले तर ते 'उत्पादन' धरले जाई आणि अबकारी कर लागे. प्रश्न कॅलेंडरिंगचा होता. कॅलेंडरिंग म्हणजे कापड जड रुळांमधून दाबून काढणे. त्याने कापड सपाट होते, चुण्या जातात, वर थोडी चकाकी येते. घरच्या इस्त्रीचे हे मोठे भावंड म्हणता येईल.

'इतर कोणतीही प्रक्रिया' या शब्दांत कॅलेंडरिंग बसते का? नुसते ते शब्द घेतले तर बसायलाच हवे. कापडाला घडी घालणेही मग बसेल. न्यायालयाने उलट दिशेने सुरुवात केली. यादीतल्या आठ प्रक्रियांमध्ये समान काय आहे? ब्लीचिंगने कापडाचा मूळ मळकट रंग जातो. मर्सरायझिंगमध्ये कॉस्टिक सोड्याने धाग्याचे रूपच बदलते. रंगवलेले कापड रंगीत राहते, छापलेले छापलेले राहते, वॉटरप्रूफ केलेले पाणी अडवते. रसायन घालून वा दुसऱ्या उपायाने, या प्रत्येक प्रक्रियेत कापडात टिकणारा बदल होतो. न्यायालयाने हाच समान धागा धरला. 'इतर प्रक्रिया' म्हणजे कापडात असा टिकाऊ बदल घडवणारी प्रक्रिया. ज्या चकाकीचा मागमूस थोड्या वेळाने उरत नाही, ती या पंगतीत बसत नाही.

या निकालात आणि अगरबत्तीच्या निकालात वापरलेले हत्यार वेगळे आहे, पण हात फिरण्याची रीत सारखीच आहे. आधी शेजारचे शब्द एकेक करून हातात घ्यायचे, प्रत्येकाचे व्यवहारात काय होते ते पाहायचे, आणि मग वादातली वस्तू त्यांच्याशेजारी ठेवायची. वस्तूपासून सुरुवात केली की उत्तर आधी ठरते आणि वर्ग मागाहून त्याच्या मापाने शिवला जातो. वकिलांच्या युक्तिवादात ही चूक कशी ओळखायची? सांगितलेला वर्ग यादीतल्या प्रत्येक शब्दाला लागतो का, हे तपासायचे. कॅलेंडरिंग करपात्र ठरवायचे म्हणून कुणी 'कापड दिसायला चांगले करणाऱ्या प्रक्रिया' असा वर्ग सुचवला, तर रबरायझिंगपाशी तो लगेच फाटतो. रबराचा थर दिलेले कापड कुणी दिसायला चांगले म्हणून घेत नाही.

आता पाचवी अट, कायदेमंडळाचा इरादा. या अटीपुढे दोन्ही सूत्रे कशी थांबतात याची दोन प्रकरणे मुंबईतलीच आहेत.

पहिले 1957 चे, 'लीलावतीबाई विरुद्ध मुंबई राज्य'. स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईत राहायला जागा मिळणे मुश्कील होते, आणि 1948 च्या कायद्याने सरकारला रिकामी झालेली जागा ताब्यात घेता येत असे. जागा कशामुळे रिकामी झाली असे मानायचे, याची यादी त्या कायद्यात होती : भाडेकरूचा करार संपला, त्याला काढले, त्याने आपला हक्क दुसऱ्याला दिला, 'किंवा अन्यथा'. हा 'अन्यथा' आधीच्या कारणांसारख्याच कारणांपुरता वाचावा असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने तो मान्य केला नाही. जागा कोणत्याही रीतीने रिकामी होवो, ती कायद्याच्या कक्षेत यावी यासाठीच तो शब्द मुद्दाम घातला होता. यादी करणारा थकून 'वगैरे' म्हणतो ते वेगळे आणि एकही फट राहू नये म्हणून 'कसेही' म्हणतो ते वेगळे. तो फरक शब्दावरून कळत नाही, तो कायदा कशासाठी केला यावरून कळतो.

दुसरे प्रकरण जे. जे. रुग्णालयाचे. त्यातल्या माणसांमुळे ते अधिक लक्षात राहते. सरकारी रुग्णालयात वॉर्डमध्ये काम करणाऱ्या दोन महिला कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केले गेले, आणि त्यांच्या जागी नागरी पुरवठा खात्यातून कमी झालेल्या दोघांना घेण्यात आले. औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे कपात करताना कामगाराला भरपाई आधी द्यावी लागत असे. ती दिली नव्हती. कामगारांची संघटना, हॉस्पिटल मजदूर सभा, न्यायालयात गेली. सगळे अडले एका शब्दावर : रुग्णालय हा 'उद्योग' आहे का? नसेल, तर तो कायदाच लागू नव्हता आणि भरपाईचा प्रश्नच येत नव्हता.

कायद्यातली 'उद्योग' या शब्दाची व्याख्या म्हणजे पुन्हा एक यादी. धंदा, व्यापार, उपक्रम, उत्पादन किंवा मालकांचा व्यवसाय. आणि त्यात कामगारांचे काम, सेवा, नोकरी, हस्तकला वगैरेंचा समावेश. राज्य सरकारच्या बाजूने सांगितले गेले ते नेमके सोबत्यांचे सूत्र. 'उपक्रम' आणि 'सेवा' हे शब्द रुंद आहेत खरे, पण ते धंदा आणि व्यापार यांच्या शेजारी बसले आहेत. तेव्हा त्यांना धंद्याचा रंग द्या. रुग्णालय नफ्यासाठी चालत नाही, म्हणून ते उद्योग नाही.

युक्तिवाद वरवर अगरबत्तीसारखाच आहे. तरी तो फेटाळला गेला. 1960 चा हा निकाल न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी लिहिला. ते पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. त्यांनी सूत्राची हद्द स्पष्ट करून दाखवली. सोबत्यांवरून अर्थ लावणे हा शंका असेल तेव्हा वापरायचा एक उपाय आहे. रुंद शब्द अरुंद शब्दांशेजारी का ठेवला हे कळत नसेल, तेव्हा तो उपयोगी पडतो. कायदेमंडळाने व्याख्या मोठी व्हावी म्हणूनच जाणूनबुजून रुंद शब्द घातले असतील, तर शेजाऱ्यांच्या मापाने त्यांना कापता येत नाही. इथे तर व्याख्येत 'कोणताही' हा शब्द आहे, आणि 'समावेश होतो' असे म्हणून तिला आणखी एक पदर जोडलेला आहे. नोकरवर्गाच्या मदतीने, पद्धतशीरपणे, लोकांना सेवा पुरवणारे रुग्णालय त्यात येते, असे न्यायालय म्हणाले. त्या दोघींची कपात बेकायदा ठरली.

याच्या शेजारी आणखी एक निकाल ठेवून वाचला की दोन्हींची धार कळते. 1948 च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात 'व्यापारी आस्थापना'ची व्याख्या होती : धंदा, व्यापार किंवा पेशा चालवणारी आस्थापना. हा कायदा गुजरातमध्येही लागू होता, आणि तिथल्या एका डॉक्टरांचा खासगी दवाखाना त्यात येतो का असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे 1968 मध्ये आला. डॉक्टरकी हा पेशा आहे, यात दुमत नाही. तरी न्यायालयाने 'पेशा' हा शब्द धंदा आणि व्यापार यांच्या सोबतीत वाचला, आणि स्वतःच्या कौशल्यावर व बुद्धीवर चालणारा एकट्या डॉक्टरचा दवाखाना 'व्यापारी आस्थापना' नाही असे ठरवले.

आठ वर्षांच्या अंतराने, वैद्यकीय सेवेच्याच दोन जागांबद्दल, जवळजवळ त्याच शेजाऱ्यांच्या यादीवरून, दोन वेगळी उत्तरे. एकाला गुण लागला, दुसऱ्याला लागू दिला नाही. यात मनमानी आहे असे वाटणे स्वाभाविक आहे, पण दोन्ही याद्यांचे मथळे वाचले की तसे वाटत नाही. दुसऱ्या व्याख्येला नावच 'व्यापारी आस्थापना' असे आहे, म्हणजे रंग आधीच ठरलेला. पहिलीत नाव 'उद्योग' आहे आणि कायद्याचा हेतू मालक-कामगार तंटे मिटवण्याचा आहे. तिथे कामगार आहेत, मालक आहे, तंटाही आहे. नफा आहे की नाही याने तंटा कमी होत नाही. पेशाला घातलेली वेसण मला रास्त वाटते, पण त्याहून रास्त वाटते ते उपक्रमाला वेसण न घालणे.

त्या व्याख्येवरचा वाद मात्र पुढेही चालू राहिला. 1970 मध्ये सफदरजंग रुग्णालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जे. जे.चा निकाल चुकीचा ठरवला. 1978 मध्ये बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने सफदरजंगचा निकाल रद्द करून जे. जे.चा पुन्हा उभा केला. 2017 मध्ये तो प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला. पाच-सात शब्दांच्या यादीने न्यायालयाला इतकी दशके कामाला लावले आहे.

परीक्षेच्या प्रश्नाकडे परत येऊन त्यातले शब्द जरासे हलवून पाहिले, तर या सगळ्याचा उपयोग ध्यानात येतो. नोंद अशी असती : सौंदर्यप्रसाधने, सुगंधी द्रव्ये, प्रसाधनाच्या वस्तू व इतर वस्तू. मग अगरबत्ती 'इतर वस्तूं'त बसते का असे कुणी विचारले असते, आणि त्याचे उत्तर देताना (ब) पर्याय बरोबर ठरला असता. नोंद अशी असती : सुगंधी द्रव्ये, मग ती अंगावर वापरायची असोत वा नसोत. मग कायदेमंडळाचा इरादा उघड होता, दोन्ही सूत्रे गप्प बसली असती आणि (अ) बरोबर आला असता. आणि एक तिसरी शक्यता, जिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. शब्द तेच, पण 'सुगंधी द्रव्ये' हा शब्द सोळाव्या नोंदीतून उचलून सतराव्या ओळीवर एकटा ठेवलेला. मग त्याला शेजारी उरला नसता, रंग घ्यायला कुणी नसते, आणि अगरबत्तीच्या दुकानदाराला शब्दकोशाशी एकट्याने झुंजावे लागले असते.